सकाळी धूसर, दुपारी स्वच्छ: दोन बहिणींचे डोळे आणि कॉर्नियाचा एक पापुद्रा

हे प्रकरण दोन सख्ख्या बहिणींचं आहे. दोघींना एकच आजार, फुक्स डिस्ट्रॉफी, पण उपचारांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर. थोरलीला कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचं, पूर्ण जाडीचं प्रत्यारोपण झालं, धाकटीला फक्त आतल्या थराचं. दोघींनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. धाकटीवर मीच उपचार केले, त्यामुळे जिथे माझं चुकलं तिथे तसं लिहिलं आहे.

## पार्श्वभूमी

धाकट्या बाई चौसष्ट वर्षांच्या, राहणार चिपळूणजवळच्या एका गावात. घरची आंब्याची कलमं, दोन म्हशी, आणि रोज पहाटे स्नान करून पोथी वाचायची तीस वर्षांची सवय. तक्रार या पोथीपासूनच सुरू झाली. आधी अक्षरं फिकी वाटायची. मग देवापुढच्या समईच्या ज्योतीभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. सुरुवातीला नऊ-साडेनऊला आपोआप सगळं नीट व्हायचं, आणि दुपारी तांदूळ निवडायला बसल्या की खडा अन् खडा दिसायचा. म्हणून दीड वर्ष कुणी लक्ष दिलं नाही, त्यांनीही नाही. त्यांनी पोथी दुपारी वाचायला घेतली.

दोन वेळा चष्मा बदलला. पहिला नंबर सकाळी दहाला काढलेला, दुसरा संध्याकाळी पाचला. दोन्ही वेगळे निघाले आणि दोन्ही चष्मे अर्धा दिवसच उपयोगी पडले. नंतर एका शिबिरात मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. ते खरंच होतं, दोन्ही डोळ्यांत मध्यम मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीखही मिळाली. पण बाई गेल्या नाहीत, कारण थोरल्या बहिणीचा डोळा त्यांनी जवळून पाहिला होता.

थोरलीचं दुखणं असंच सकाळच्या धुरकटपणाने सुरू झालं होतं. तिने ते फार काळ अंगावर काढलं. शेवटी डोळ्यावर पाण्याचे फोड येऊन फुटायला लागले आणि वेदना असह्य झाल्या. तेव्हा, म्हणजे २००८ साली, तिच्या उजव्या डोळ्याचं पूर्ण जाडीचं प्रत्यारोपण झालं. धाकटीच्या मनात पक्कं बसलं होतं की डोळ्यात काही केलं की आपलंही तसंच होणार. माझ्याकडे त्या आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "डॉक्टर, मोतीबिंदू काढा म्हणाल तर काढीन, पण डोळा बदलायचा नाही."

## अडचण, आणि पहिल्या भेटीत निसटलेली गोष्ट

पहिल्या भेटीत मी त्यांना दुपारी दीड वाजता पाहिलं. नजर उजव्या डोळ्यात ६/१२, डाव्यात ६/९. पूर्ण नजर ६/६ धरतात, खालचा आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं. कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, दोन्हीकडे चकचकीत दिसत होती. स्लिट लॅम्प नावाच्या तपासणीच्या दुर्बिणीखाली नीट पाहिलं तर काचेच्या आतल्या बाजूला बारीक बारीक उंचवटे होते, ठोक्याच्या भांड्यावर ठोके दिसावेत तसे. त्यांना गटाटा म्हणतात. जाडी भरली उजवीकडे ६०४ मायक्रॉन आणि डावीकडे ५८६. साधारण माणसाची ५४०च्या आसपास असते, म्हणजे थोडी जास्त. मी कागदावर लिहिलं, "मोतीबिंदू, सोबत गटाटा", आणि मोतीबिंदूबद्दल बोलायला लागलो.

बाई उठता उठता म्हणाल्या, "तुम्ही मला सकाळी बघितलंच नाहीत."

त्यांचं बरोबर होतं. समोरच्याच लॉजमध्ये त्या भाच्याबरोबर उतरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर चहाही न घेता यायला सांगितलं. सकाळी पावणेआठला उजव्या डोळ्याची नजर होती ६/३६ आणि जाडी ६५८ मायक्रॉन. तोच डोळा, तीच खुर्ची, मध्ये गेली एक रात्र. आदल्या दुपारी चकचकीत दिसलेली काच आता थंडीत श्वास टाकलेल्या आरशासारखी दिसत होती, आणि मध्यभागी उभ्या बारीक सुरकुत्या होत्या.

असं का होतं, ते समजल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत. कॉर्नियाचा बहुतेक भाग हा मधला जाड थर असतो आणि त्याला पाणी शोषायची ओढ असते. डोळ्यातलं पाणी आतल्या बाजूने सतत त्यात झिरपतं. ते परत बाहेर काढायचं काम सगळ्यात आतलं अस्तर करतं. त्याला एन्डोथेलियम म्हणतात. ते पेशींच्या एकाच ओळीचं असतं आणि प्रत्येक पेशी छोट्या पंपासारखी चालते. माणसात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत, उरलेल्या पसरून जागा भरतात. तरुणपणी दर चौरस मिलिमीटरला सुमारे अडीच-तीन हजार पेशी असतात. त्या पाचशेच्या आसपास उतरल्या की पंप पुरे पडत नाहीत आणि काच फुगायला लागते.

दिवसा या अशक्त पंपांना मदत असते. डोळे उघडे असले की अश्रूंचं पाणी हवेत उडतं, उरलेले अश्रू जास्त खारट होतात आणि काचेतलं पाणी पुढच्या बाजूने ओढून घेतात. रात्री पापण्या मिटल्या की ही वाट बंद. निरोगी डोळ्याची कॉर्नियाही झोपेत थोडी फुगते, पण उठल्यावर लगेच उतरते. या बाईंना आता ती उतरवायला अकरा वाजत होते. पावसाळ्यात तर एक-दोन वाजत, कारण कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत अश्रू उडतच नाहीत. "श्रावणात फार त्रास, होळीच्या सुमाराला बरं" असं त्या म्हणत होत्या आणि घरचे ते मनाचे खेळ समजत होते.

आजाराचं नाव फुक्स डिस्ट्रॉफी. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्स यांनी १९१० साली तो वर्णन केला. बायकांत जास्त आढळतो, घराण्यात चालतो, आणि बहुधा पन्नाशीनंतर त्रास द्यायला लागतो. अस्तराच्या पेशी ज्या पातळ पडद्यावर बसलेल्या असतात त्याला डेसमेट पडदा म्हणतात. या आजारात पेशी मरत जातात आणि पडदा जाड होऊन त्यावर गटाटाचे उंचवटे उठतात. बाईंच्या उजव्या डोळ्यात मध्यभागी उंचवटे इतके दाट होते की पेशी मोजणाऱ्या यंत्राला तिथे काही मोजताच आलं नाही. कडेला कशाबशा नऊशे भरल्या.

## कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता थांबण्याचा. पाच टक्के खारट पाण्याचे थेंब दिवसातून चार वेळा, रात्री तसंच मलम, आणि सकाळी उठल्यावर केस वाळवायचं यंत्र हातभर अंतरावरून, कोमट हवेवर, दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर फिरवायचं. या उपायांनी पंप सुधारत नाहीत, पण काच उतरायला हातभार लागतो. बाईंनी ते सहा आठवडे केलं. अकराचे साडेनऊ झाले. पण थेंब झोंबायचे आणि पोथी पहाटे वाचता येत नव्हती ती नव्हतीच.

दुसरा पर्याय फक्त मोतीबिंदू काढण्याचा. शिबिरात हेच ठरलं होतं आणि बाईंनाही तेच हवं होतं. दुपारच्या आकड्यांवर विसंबून राहिलो असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये, कितीही सांभाळलं तरी, अस्तराच्या काही पेशी जातात. निरोगी डोळ्याला ते परवडतं, काठावर आलेल्या डोळ्याला परवडत नाही. ऑपरेशननंतर सकाळचा धुरकटपणा दिवसभराचा होऊन बसतो. पूर्वी यासाठी ६४० मायक्रॉनचा आकडा वापरत: त्याखाली जाडी असेल तर नुसता मोतीबिंदू काढा, वर असेल तर सोबत प्रत्यारोपणाचा विचार करा. बाईंच्या दुपारच्या आकड्याने एक उत्तर दिलं असतं आणि सकाळच्या आकड्याने दुसरं. आकड्यापेक्षा मला दोन गोष्टी वजनदार वाटल्या. एक म्हणजे धुरकटपणा किती वाजेपर्यंत टिकतो. दुसरी म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढणारं यंत्र काय दाखवतं. दुपारी काच स्वच्छ दिसत असतानाही त्या नकाशात सगळ्यात पातळ जागा मधून सरकलेली होती आणि मागची बाजू मध्यभागी दबलेली होती. म्हणजे डोळ्यांना दिसत नसली तरी सूज दिवसभर तिथेच होती.

प्रत्यारोपण करायचं तर कोणतं, हा पुढचा प्रश्न. आणि इथे थोरलीचा डोळा समोर ठेवूनच बोलावं लागलं, म्हणून तिलाही बोलावून घेतलं.

पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात कॉर्नियाच्या मधली साधारण आठ मिलिमीटरची चकती आरपार कापून काढतात. तिच्या जागी नेत्रदात्याची तेवढीच चकती बसवून केसाहून बारीक नायलॉनने शिवतात. ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी केलं तेही याच प्रकारचं. थोरलीला सोळा टाके होते. ते एकेक करून काढायला दीड वर्ष लागलं. आज तिची काच स्वच्छ आहे, प्रकाशझोतात चमकते, तरीही चष्मा लावून नजर ६/२४. पाहणाऱ्याला हे कोडं वाटतं. उत्तर टाक्यांमध्ये आहे. प्रत्येक टाका आपल्या दिशेने ताणतो आणि काचेचा गोलावा वाकडा होतो. तिच्या डोळ्यात साडेपाच नंबरचा तिरपा नंबर उरला आहे. कडक कॉन्टॅक्ट लेन्सने तो झाकता आला असता, पण गोठ्यात आणि शेतात काम करणाऱ्या बाईला ती लेन्स सांभाळणं जमलं नाही. तिसऱ्या वर्षी शरीराने कलम नाकारायला सुरुवात केली होती. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, नजर ढगाळली. ती दुसऱ्याच दिवशी गाडी करून दवाखान्यात गेली आणि तासातासाला स्टेरॉइडचे थेंब घालून कलम वाचलं. शिवाय आरपार कापलेली कॉर्निया मूळच्या ताकदीची कधीच होत नाही. जोरात ढोपर लागलं तरी जखम उसवू शकते, आणि म्हशीचं शेपूट डोळ्यावर येईल या धास्तीने तिने धारा काढणं सोडलं.

आंशिक प्रत्यारोपणात पुढची काच तशीच ठेवतात. बिघाड फक्त आतल्या अस्तरात आहे, तर तेवढंच बदलायचं. त्यात दोन प्रकार आहेत. डीसेकमध्ये अस्तरासोबत दात्याच्या मधल्या थराचा पातळ काप येतो, साधारण शंभर मायक्रॉन जाड. डीमेकमध्ये नुसता डेसमेट पडदा आणि त्यावरच्या पेशी, सगळं मिळून दहा ते पंधरा मायक्रॉन. डोक्याचा एक केस याच्या चार-पाचपट जाड असतो. ही पद्धत नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी २००६ साली मांडली. दोन्हीत कलमाला टाके नाहीत, ते हवेच्या फुग्याने दाबून चिकटवतात. गोलावा जवळपास जसाच्या तसा राहतो. परकी पेशी डोळ्यात कमी जात असल्याने नकाराचा धोकाही घटतो. मोठ्या रुग्णमालिकांत पहिल्या दोन वर्षांत पूर्ण जाडीनंतर पंधरा-वीस टक्क्यांच्या घरात असलेला नकार डीमेकनंतर सुमारे एका टक्क्यावर आलेला दिसतो.

धाकटीला हे सगळं किचकट वाटलं असावं. तिला पटलं ते थोरलीच्या बोलण्याने. थोरली म्हणाली, "अगं, माझी खिडकी चौकटीसकट काढली. तुझा नुसता आतला पडदा बदलतायत."

मी एक सहावा पर्यायही मनात तपासला होता, तो म्हणजे खराब पडदा मधून सोलून काढायचा आणि नवीन काहीच बसवायचं नाही. कडेच्या पेशी सरकून जागा भरतात. पण त्यासाठी कडेच्या पेशी भरपूर लागतात. नऊशे पेशींवर हा जुगार खेळणं मला योग्य वाटलं नाही.

डीमेक आणि डीसेक यात डीमेक निवडलं. पुढची काच अजून निशाण नसलेली होती, दुपारी आत स्वच्छ दिसत होतं, आणि डीमेकनंतर नजर लवकर आणि जास्त स्पष्ट येते. डीमेकचा तोटाही सांगितला: इतका पातळ पडदा पहिल्या आठवड्यात सुटू शकतो आणि मग फुगा पुन्हा भरावा लागतो. हे बाईंच्या आणि भाच्याच्या समोर, लेखी सांगितलं.

## काय केलं

मोतीबिंदू आणि डीमेक एकाच बैठकीत करायचं ठरलं. मोतीबिंदूची लेन्स निवडताना एक हिशेब लागतो. डीमेकनंतर डोळा थोडा अधिक नंबराकडे सरकतो, अर्धा ते एक. म्हणून लेन्स अशी घेतली की सुरुवातीला उणे पाऊणचा नंबर राहील.

नेत्रपेढीकडून आलेला दाता सदुसष्ट वर्षांचा होता, पेशी २७००. भाच्याने विचारलं, "तरुण माणसाचं नाही का मिळत?" प्रश्न रास्त होता. पण डीमेकमध्ये तरुण दात्याचा पडदा इतका घट्ट गुंडाळला जातो की डोळ्यात उलगडता उलगडता पेशींचं नुकसान होतं. वयस्कर दात्याचा पडदा सैल गुंडाळतो, म्हणून पन्नाशीपुढचा दाता आम्हाला जास्त बरा.

डोळा भूल देऊन बधिर केला. मोतीबिंदू निघाला, लेन्स बसली. मग आठ मिलिमीटर व्यासाच्या गोलात आतून खराब पडदा सोलून काढला. सहाच्या काट्याच्या जागी बुबुळाच्या रंगीत पडद्याला एक बारीक भोक पाडलं. फुग्याने बाहुलीची वाट अडवली तर आतल्या पाण्याला जायला ही दुसरी वाट लागते. ती नसेल तर रात्रीत डोळ्याचा दाब चढतो, डोळा ठणकतो, उलट्या होतात.

निळ्या रंगात बुडवलेलं कलम डोळ्यात सोडलं की ते दालचिनीच्या सालीसारखं दोन्ही बाजूंनी गुंडाळलेलं दिसतं. त्याला आत चिमटा लावायचा नसतो. बाहेरून काचेवर हलक्या टिचक्या मारत, पाण्याच्या लाटांवर ते उलगडायचं. पेशी गुंडाळीच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि उलगडल्यावर त्या खाली, डोळ्याच्या आत तोंड करून बसल्या पाहिजेत. उलटं बसलं तर कलम फुकट. म्हणून नेत्रपेढीतच त्यावर एक छोटं अक्षर छापलेलं असतं. ते सरळ वाचता आलं की बाजू बरोबर. बाईंच्या डोळ्यात अकरा मिनिटांनी अक्षर सरळ दिसलं. खाली हवेचा फुगा भरला आणि कलम वर जाऊन काचेला टेकलं. दोन तासांनी तपासून थोडी हवा काढली.

पुढचं काम बाईंचं होतं: तीन दिवस उताणं झोपून राहायचं, तोंड छताकडे. हवा नेहमी वर जाते. रुग्ण उताणा असला तरच फुगा कलमाला वर दाबून धरतो. उठायचं ते जेवायला आणि स्वच्छतागृहात जायला.

## सहावा दिवस

पहिल्या दिवशी कलम चिकटलेलं होतं. सहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, वरच्या अर्ध्यात छान दिसतंय, खालून धुरकट येतंय. काचेचा आडवा छेद दाखवणाऱ्या तपासणीत खालच्या बाजूचा जवळपास एक तृतीयांश भाग सुटून लोंबत होता आणि कड मध्याच्या जवळ आली होती.

थोडीशी कड सुटली असेल तर थांबतात. बहुतेकदा ती आपोआप चिकटते. एक तृतीयांशाहून जास्त सुटलं, किंवा सुटलेला भाग मध्यापर्यंत आला, तर मी थांबत नाही. सुटलेल्या भागावरची काच तोवर फुगत राहते आणि पडदा आखडायला लागतो. त्याच दुपारी पुन्हा फुगा भरला, पण या वेळी साध्या हवेऐवजी वीस टक्के सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचा. हवा तीन-चार दिवसांत विरते, हा वायू आठवडाभर टिकतो. वायू असेपर्यंत विमानप्रवास बंद. घाट उतरून गावी जायचंही पुढे ढकललं आणि बाई भाच्याबरोबर शहरातच राहिल्या.

सुटलं का, हे विचारलं तेव्हा कळलं की बाईंना जुना कंबरेचा त्रास आहे. सपाट उताणं झोपलं की अर्ध्या तासात कळ निघते. शिवाय दुसऱ्या दिवशी भेटायला नातेवाईक आले, आणि पाहुण्यांसमोर झोपून राहणं त्यांना बरं दिसेना, म्हणून त्या दोन तास बसून राहिल्या. मी ऑपरेशनआधी मधुमेह विचारला, रक्तदाब विचारला, पण "तुम्हाला उताणं झोपता येतं का" हे विचारलं नव्हतं. दुसऱ्या वेळी गुडघ्यांखाली उशी दिली, दुखणं थांबवायची गोळी दिली, आणि भाच्याला दारावर बसवलं. कलम चिकटलं ते चिकटलं.

## निष्पत्ती

सहा आठवड्यांनी उजव्या डोळ्याची नजर चष्म्याशिवाय ६/१२, चष्म्याने ६/९. तीन महिन्यांनी चष्म्याने ६/६ची बहुतेक ओळ. सकाळची जाडी ५३१ आणि दुपारचीही जवळपास तेवढीच, आणि मला या दोन आकड्यांचा सगळ्यात जास्त आनंद झाला. पेशी सहा महिन्यांनी सुमारे १७५०. म्हणजे पस्तीस टक्के गेल्या. फुगा दोनदा भरलेल्या डोळ्यात ही घट अपेक्षित आहे, पण कलम अमर नाही हेही तिथे दिसतं. दुसऱ्या महिन्यात स्टेरॉइडमुळे डोळ्याचा दाब २६ झाला. सौम्य स्टेरॉइडवर आणून दाबाचे थेंब दिल्यावर तो उतरला. दिवसातून एक थेंब बराच काळ चालू राहील. लाली, उजेड न सोसणं किंवा नजर ढगाळणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं, हे त्यांना पाठ आहे.

## काय वेगळं करता आलं असतं

सकाळी धुरकट आणि दुपारी स्वच्छ असं सांगणाऱ्या रुग्णाची जाडी दिवसातून दोनदा मोजायला हवी, त्यातली एकदा उठल्याबरोबर. आता मी अशा रुग्णांना आदल्या रात्री शहरात मुक्काम करून यायला सांगतो. मोतीबिंदूच्या शिबिरात ते शक्य नाही, पण "सकाळी जास्त अंधुक दिसतं की संध्याकाळी" हा प्रश्न तिथेही विचारता येतो. मोतीबिंदूत नजर दिवसाच्या वेळेप्रमाणे अशी बदलत नाही.

पहिल्याच वेळी वायू वापरायला हवा होता. हवेची सवय होती म्हणून हवा भरली. वायूने कलम सुटण्याचं प्रमाण कमी होतं. डाव्या डोळ्याच्या वेळी सुरुवातीपासून वायूच वापरला, आणि ऑपरेशनच्या आठवडाभर आधी बाईंनी घरी रोज दोन तास उताणं झोपायचा सराव केला. त्या वेळी फुगा पुन्हा भरावा लागला नाही.

थोरलीच्या २००८च्या डॉक्टरांनी चूक केली असं मात्र मला म्हणायचं नाही. तेव्हा आंशिक प्रत्यारोपण आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होत होतं, आणि तिची काच पुढून इतकी खराब झाली होती की ते करूनही नजर किती आली असती ते सांगता येत नाही. सूज वर्षानुवर्षं राहिली की पुढच्या थरात पांढरट निशाण पडतं, ज्याला गावाकडे डोळ्यात फूल पडणं म्हणतात. आतला पडदा बदलून ते फूल जात नाही. आरपार जखमेच्या किंवा खोल निशाणाच्या डोळ्याला आजही बहुधा पूर्ण जाडीच लागते.

## थोरलीचा दुसरा डोळा

धाकटीचा दुसरा डोळा झाल्यावर थोरली स्वतःहून आली. तिचा डावा डोळा तिने पंधरा वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यातला मोतीबिंदू त्याआधीच काढलेला होता, पण काच फुगून जाड, वर एक-दोन फोड, आणि पुढच्या थरात हलकं फूल. आत धुक्यातून पाहावं तसं दिसत होतं.

इथे डीमेकचा मोह होता. बहिणीचा निकाल डोळ्यांसमोर होता आणि तिलाही "तेच" हवं होतं. पण दहा-पंधरा मायक्रॉनचा पडदा उलगडताना त्याचं छापलेलं अक्षर मला दिसायला हवं. धुक्यात ते चुकलं तर कलम उलटं बसण्याची भीती. डीसेकचा काप जाड असतो, गुंडाळत नाही, हाताळायला सोपा, आणि बाजू चुकत नाही. पूर्ण जाडीचा पर्यायही मांडला. फूल हलकं होतं, मध्यापासून जरा बाजूला होतं, आणि पुन्हा सोळा टाके घेऊन वाकडी काच मिळवण्यापेक्षा थोडं फूल परवडेल, असं तिचं तिनेच ठरवलं. वरची फुगलेली कातडी आधी खरवडून काढली, तेव्हा आतलं पुरेसं दिसलं, आणि बाजूच्या पाच मिलिमीटरच्या छेदातून डीसेकचा काप सरकवला.

तीन महिन्यांनी तिची डावी नजर चष्म्याने ६/१८ आहे. बहिणीइतकी नाही. फूल आडवं येतं ते येतंच. पण तिरपा नंबर सव्वाच आहे, फोड नाहीत, ठणका नाही, आणि पूर्ण जाडीच्या उजव्या डोळ्यापेक्षा तिला या डोळ्याने नीट दिसतं. गेल्या वेळी आली तेव्हा म्हणाली, की धारा ती अजूनही काढत नाही, उजव्या डोळ्यासाठी. धाकटीच्या अडतीस वर्षांच्या मुलीला तपासलं तर तिच्या दोन्ही डोळ्यांत मध्यभागी पाच-सहा गटाटा निघाले. पेशी भरपूर आहेत, त्रास काहीच नाही, औषधही काही नाही. तिला वर्षातून एकदा यायला सांगितलं आहे, आणि कागदावर ठळक लिहून दिलं आहे की पुढे कधी मोतीबिंदू काढायची वेळ आली तर आधी हा कागद दाखवायचा.